रॅमचं दुसरं पान

ताईच्या दुकानात मी रोज तासभर बसतो. माझी खोली त्याच इमारतीत वर आहे आणि खाली एक जास्तीचं स्टूल असतं, एवढंच कारण. मला लिहायची सवय नाही. हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण त्या बुधवारी मी त्याच स्टुलावर होतो, आणि तेव्हा काही बोललो नाही. निदान जसं झालं तसं सांगावं, एवढाच विचार आहे.

ताई गेमिंगची मशीन, म्हणजे गेम खेळायचे कॉम्प्युटर, जोडते. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंचीने लहान, आवाजाने मोठी. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले कुरियरवाले सुद्धा. तिच्या टेबलावर निळी रबरी चटई, अंगातली वीज भागांना लागू नये म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा, आणि पेचांसाठी दातांच्या डॉक्टरकडे असतात तशा छोट्या स्टीलच्या वाट्या. एक पेच खाली पडला तर तो मिळेपर्यंत पुढचं काम बंद. "पेच हरवत नाही," ती म्हणते, "कुठेतरी आत जाऊन बसतो आणि वेळ साधून घात करतो. नातेवाइकांसारखा."

असं बोलायची तिला खोड होती. गिऱ्हाइकालाही सोडायची नाही. एकाने विचारलं, "ताई, दिवे जास्त लागतील असं काही करता येईल का?" तर म्हणाली, "येईल की. मग गेम नाही चालला तर निदान आरती तरी होईल." लोक हसायचे आणि तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या मशीनमध्ये खोट नसायची.

तिची एक रीत होती आणि तीच तिची जाहिरात. जोडलेलं मशीन ती एक तास पूर्ण ताणावर चालवायची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम कामाला लावायचे, आणि तापमान चढून कुठे स्थिर होतं, वेग मध्येच पडतो का, हे बघत बसायचं. मग एका कागदावर प्रत्येक भागाचं नाव आणि सिरीयल नंबर. तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात देताना एकच वाक्य ठरलेलं: "माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी जाऊन तपासा. तीन दिवसांत."

कसं तपासायचं तेही ती सांगायची. भाग ओळखणारी टूल्स फुकट मिळतात. कार्डाचं नुसतं नाव वाचू नका, नाव बदलून जुनं कार्ड नवं म्हणून विकता येतं. आत कोर किती आणि मेमरी किती ते जुळवा. डिस्क नवी असेल तर ती आजवर किती तास चालली तो आकडा लहानच असला पाहिजे. रॅमचा वेग टूलमध्ये निम्मा दिसतो, त्याची दुप्पट करा, लगेच मला शिव्या घालायला फोन करू नका. आणि रॅमची दोन पानं असतात. पहिल्यावर एकूण रॅम किती आणि ती प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका वाटेवर, म्हणजे चॅनलवर, चालते की दोन, ते. दुसऱ्यावर एकेका खाचेत कोणती पट्टी बसली आहे, कोणाची, कोणत्या नंबरची. "दोन्ही पानांचे फोटो पाठवा. एकाच पानावर मी कोणाचंही काही ऐकत नाही."

हे शेवटचं वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल.

दुकानात तिचा धाकटा भाऊ होता. तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, तिनेच त्याला वाढवलं आणि कामही शिकवलं. जोडणी ती करायची. मशीन पोचवणं, तिथे तारा लावून देणं, हे धाकट्याचं काम. हसऱ्या तोंडाचा, मवाळ. ताईने चारचौघांत टाकून बोललं तरी "हो ताई" म्हणून पुढच्या कामाला लागणारा.

त्याचं लग्न ठरत होतं. पलीकडच्या रस्त्यावर एक छापखाना आहे, त्याच्या मालकांची मुलगी. बोलणी जवळपास झाली होती. छापखान्याच्या पुढच्या बाजूची एक खोली रिकामी होती आणि ती जावयाला दुकानासाठी द्यावी असं मालकांच्या मनात होतं. ताईने हे ऐकलं त्या दिवशी माझ्यासमोर म्हणाली, "छान आहे. मी पेच उचलायला वाकते, तेवढ्यात हा दुकान उचलतो." धाकटा म्हणाला, "ताई, अजून काही ठरलं नाही." ती म्हणाली, "ठरलं की सांग. मी पुष्पगुच्छ पाठवीन. तपासून घे, फुलं खरी आहेत का."

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचं मशीन तयार झालं. खऱ्याच दातांच्या डॉक्टरांचं. दिवसभर लोकांचे जबडे उघडून बघायचे आणि संध्याकाळी गेम खेळायचे. चांगलं महागाचं मशीन होतं. काचेची बाजू, प्रोसेसरवर त्याला थंड ठेवणारा विटेएवढा मोठा कूलर, आणि रॅमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी सोळा जीबीची, म्हणजे बत्तीस. पट्ट्यांच्या कडेला रंगीत दिवे. कूलर ताईनेच बसवला. त्या वेळी ती फोनवर आईशी धाकट्याच्या त्या खोलीवरून भांडत होती, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी पेपर वाचत होतो.

तासभराचा ताण झाला. सगळे आकडे ठीक होते, कागदावर बत्तीस लिहिलं गेलं. मंगळवारी धाकट्याने मशीन व्हॅनमध्ये आडवं ठेवून नेलं आणि पोचवलं.

बुधवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. रॅम सोळाच दिसते, एकच चॅनल. ताईने विचारलं, "पट्टी काढून पुन्हा बसवून बघितलीत?" ते म्हणाले, काढली, घट्ट बसवली, दोन्ही बाजूंचा टक आवाज आला, दिवेही लागतात, तरी सोळाच. आणि त्यांनी पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तोच फोटो त्यांनी तिच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवरही टाकला. खाली एवढंच लिहिलं: "दुकानात बत्तीस, घरी सोळा. दिवे मात्र दोन्ही पट्ट्यांना आहेत."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाजारात नकली पट्ट्या मिळतात, डमी म्हणतात त्यांना. त्यात रॅम नसते, फक्त दिवे. रिकाम्या खाचा भरलेल्या दिसाव्यात म्हणून लोक त्या उघडपणे विकत घेतात. ताईच्या काउंटरवरच्या शोभेच्या मशीनमध्येही तशा दोन होत्या. त्यामुळे डॉक्टरांचं ते दिव्यांचं वाक्य ज्याला कळायचं त्याला बरोबर कळलं.

अर्ध्या तासात दुकानात तीन गिऱ्हाइकं आली. एक जण खरंच माऊस घ्यायला आला होता, बाकीचे दोघे बघायला. धाकटा पोचवण्याचं काम उरकून आला आणि दारातच थांबला.

"ये," ताई म्हणाली. "पिशवी काउंटरवर ओत."

"काय झालं?"

"ओत म्हटलं ना."

त्याने पिशवी रिकामी केली. तारा, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, आणि पाकिटातल्या दोन डमी पट्ट्या.

धाकटा म्हणाला, "या आपल्याच शोभेच्या मशीनसाठी आणल्यात. जुन्यांचा एक दिवा गेलाय, तूच सोमवारी म्हणालीस."

"मी म्हणाले. आणि दोनच आणल्यास की तीन? तिसरी डॉक्टरांकडे?"

"दोन. ताई, डॉक्टरांना विचार दुसऱ्या पानावर..."

"मला पानं शिकवतोस?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "इथून बत्तीस गेली. तिथे सोळा पोचली. मध्ये फक्त तू होतास. खिसे."

"ताई, लोक आहेत."

"म्हणूनच म्हणतेय. खिसे."

त्याने खिसे उलटे केले. चावी, थोडी चिल्लर, एक रुमाल. माऊस घ्यायला आलेला माणूस खाली बघायला लागला. बाकीचे दोघे बघत होते. एकाने फोन छातीशी धरला होता, जरा तिरका.

"आईने दोन मुलं जोडली," ताई त्या दोघांकडे बघून म्हणाली, "दिवे दोघांनाही लागतात. एकात आत काहीच नाही."

ते हसले. हसण्यासारखंच बोलली होती, तेच तर वाईट.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. छापखान्याचे मालक. त्यांचं ऑफिसचं मशीनही ताईकडचं, ते त्याच ग्रुपवर होते. धाकट्याने मानेने नको म्हटलं. ताईने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"ताई, हे काय वाचतोय मी? त्यात तथ्य आहे का? माझ्या मुलीचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट विचारतो."

"तथ्य आहे," ताई म्हणाली.

"तुम्ही स्वतः तपासलंत?"

मी तिच्याकडे बघत होतो. ती क्षणभर थांबली, हे मी शपथेवर सांगेन. मग म्हणाली, "मी स्वतः तपासलंय. चोर आहे."

मी तेव्हा म्हणू शकलो असतो, ताई, दुसरं पान मागव. मला यातलं तंत्र कळत नाही, पण ते वाक्य तर दोनशे वेळा ऐकलेलं. मी पेपरची घडी घातली. धाकटा चावी, चिल्लर, रुमाल उचलून निघून गेला. डमी पट्ट्या काउंटरवर राहिल्या. ताईने त्या शोभेच्या मशीनमध्ये बसवल्या. दिवे लागले.

पुढचे दोन दिवस ती होती तितक्या उत्साहात तिला मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, कदाचित मी चुकत असेन, पण तिला हे खरं असायला हवं होतं. चोर निघालेला भाऊ दुकान उघडत नाही.

शनिवारी ती डॉक्टरांकडे नवी पट्टी बसवायला निघाली. डॉक्टरांनी म्हटलं होतं, त्रयस्थ कोणी असेल तर बरं. ती मला म्हणाली, "काका, चला. साक्षीला पांढरे केस हवेत. तुमच्याकडे तेवढंच आहे."

डॉक्टरांची खोली थंड आणि स्वच्छ, दवाखान्यासारखीच. मशीन टेबलावर. ताईने आधी टूल उघडलं, बदल करण्याआधीच्या स्थितीचा फोटो असावा म्हणून. पहिलं पान: सोळा, एक चॅनल. तिने फोटो काढला. मग तिच्या हाताने, मी म्हणेन हातानेच, दुसरं पान उघडलं. सवयीने. पहिली भरलेली खाच निवडली: कंपनी, सोळा, सिरीयल नंबर. मग दुसरी.

कंपनी. सोळा. सिरीयल नंबर.

तिने पर्समधून कागद काढला. नंबर बोटाखाली धरून वाचला, मग पडद्यावरचा, मग पुन्हा कागदावरचा.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"पट्टी खरी आहे," ती म्हणाली.

"पण सोळाच दिसतेय."

"प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते, तिची ओळख सांगणारी. ती वेगळ्या वाटेने वाचली जाते. डमीला ती नसते, डमी या पानावर उमटतच नाही. ही उमटतेय. म्हणजे पट्टी जागेवर आहे, तिचा प्रोसेसरपर्यंतचा रस्ता बंद आहे."

"रस्ता कशाने बंद होतो?"

तिने मशीन बंद केलं, वीज काढली, आडवं ठेवलं. कूलरचे चार पेच सोडवायला घेतले. पहिला पेच सुटताना तिला दोन्ही हात लावावे लागले. समोरच्या कोपऱ्यातला दोन बोटांनी सुटला. कूलर उचलला तेव्हा खाली प्रोसेसरवर उष्णता कूलरकडे नेणारी राखाडी पेस्ट होती. एका कोपऱ्यात ती पार पिळून निघून गेली होती, धातू दिसत होता. समोरच्या कोपऱ्यात जाड थर तसाच.

मला सुद्धा कळलं. ती धाकट्याला शिकवायची तेव्हा मी ऐकलेलं होतं. पेच कर्णाने आवळायचे, प्रत्येक थोडा थोडा, म्हणजे दाब सारखा पडतो. एकच कोपरा गच्च आवळला तर प्रोसेसर तिरका दाबला जातो आणि खालच्या शेकडो टाचण्यांपैकी काही नीट टेकत नाहीत. दुकानात कशाबशा टेकल्या होत्या. व्हॅनमध्ये तो विटेएवढा कूलर हादरला आणि एक चॅनल गेलं.

तिने पेस्ट पुसली, नवी लावली, पेच आवळले. वर डावा, खाली उजवा, वर उजवा, खाली डावा. मशीन सुरू केलं. बत्तीस, दोन चॅनल. मग एक तास ताण. आम्ही तिघेही तो तास पडद्याकडे बघत बसलो. तापमान चढलं, थांबलं, तिथेच राहिलं. रॅमची चाचणीही घेतली, एक चूक नाही.

"म्हणजे तुमचा भाऊ..." डॉक्टर म्हणाले.

"आकडे बघून घ्या. सही करा," ताई म्हणाली. आणि मग, उठताना, "ग्रुपवरचं तेवढं काढाल का?"

"मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "जे दिसलं त्याचा फोटो टाकला. चोर हा शब्द माझा नाही. तुमचा आहे." त्यांनी खाली 'दुरुस्त झालं' एवढं लिहिलं. ते कोणी वाचलं नाही. उलट्या केलेल्या खिशांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता.

तिथून ती मला घेऊन तशीच छापखान्यात गेली. मालकांनी बसा म्हटलं नाही. तिने दुसऱ्या पानाचा फोटो दाखवला, पेस्टचा दाखवला, सगळं सांगितलं. "चूक माझ्या हातची होती," म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मालकांनी शांतपणे ऐकलं. "ताई, बुधवारी तुम्ही म्हणालात, मी स्वतः तपासलंय. मी तुमच्या शब्दावर लग्नाला नाही म्हणून कळवलं. आज तुमच्याच शब्दावर हो म्हणू? मग तुमचा नेमका कोणता शब्द धरायचा?"

"आजचा."

"आज कोणी मागितलाय?"

मग तिच्या घरी गेलो. आईने दार उघडलं. आई कमी बोलते. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मशीनला तास देतेस. त्याला एक पान नाही दिलंस," आणि आत जाऊन पडली.

दोन महिन्यांनी त्या मुलीचं दुसरीकडे लग्न झालं. पत्रिका अर्थातच घरच्या छापखान्यात छापलेल्या. एक ताईच्या दुकानातही आली, मालक तिचं गिऱ्हाईक म्हणून. चांगला जाड कागद होता.

धाकटा एका मित्राच्या खोलीवर राहत होता. ताई दोनदा गेली, दोन्ही वेळा त्याने दार उघडलं नाही. त्याने पाच-सहा दुकानांत काम मागितलं. सगळीकडे तो व्हिडिओ आधी पोचलेला. लोक त्याला डमी म्हणायला लागले होते. पूर्ण गोष्ट ज्यांना माहीत होती तेही डमीच म्हणायचे. नाव एकदा बसलं की काढायला कोणाला वेळ असतो? साडेचार महिन्यांनी तो परत ताईच्या दुकानात आला, कारण दुसरीकडे कुठे घेत नव्हते. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "चहा घेणार?" तो म्हणाला, "पोचवायचं काय आहे?"

आता हे असं चालतं. ताई कूलर बसवायला घेते तेव्हा तो हातातलं काम सोडून तिच्या मागे येऊन उभा राहतो. गिऱ्हाईक असलं तर मुद्दाम. आणि मोठ्याने सांगतो, "वर डावा." ती पेच फिरवते. "खाली उजवा." फिरवते. "वर उजवा. खाली डावा. परत वर डावा. थोडाच. थोडाच म्हटलं." ज्या आवाजात तिने त्याला शिकवलं होतं, त्याच आवाजात. एखादं गिऱ्हाईक हसतं. ती मान वर करत नाही. मग तो चारही पेचांचा फोटो काढतो, टूल उघडतो, दोन्ही पानांचे फोटो काढतो आणि तिच्यापुढे कागद सरकवतो. कागदावर आता एक ओळ वाढली आहे, त्याने वाढवलेली: 'कूलर कोणी आवळला.' ती सही करते. तिच्या त्या विनोदांपैकी एकही मी वर्षभरात ऐकलेला नाही. दुकान फार शांत झालंय.

मागच्या आठवड्यात ती बाहेर गेली असताना मी धीर करून त्याला म्हटलं, "पुरे आता. बहीण आहे. तिने चूक कबूल केली."

एक मशीन ताणावर लावलेलं होतं, पंखे जोरात चालले होते. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "काका, तापमान अजून चढतंय. स्थिर होऊ दे, मग बघू."

"किती वेळ लागेल?"

"ते मशीनवर असतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी इथेच होतात ना? याच स्टुलावर?"

मी हो म्हटलं. तो पुन्हा पडद्याकडे वळला. मी उठलो आणि जिना चढून वर आलो.